वजीर देऊन मात

बुद्धिबळात वजीर देणे म्हणजे आपले सर्वांत बलवान मोहरे समोरच्याला जाणूनबुजून मारू देणे आणि त्या बदल्यात त्याहून मोठे काही पदरात पाडून घेणे. हे मोठे काही म्हणजे बहुधा मातच असते, कारण मात सोडली तर पटावर वजिरापेक्षा मोलाचे फारसे काही नसते. खेळ शिकताना मोहऱ्यांची किंमत प्याद्यांत मोजायची पद्धत आहे : प्यादे एक, घोडा आणि उंट प्रत्येकी तीन, हत्ती पाच आणि वजीर नऊ. राजाला किंमत नाही, कारण राजा गेला की डावच संपतो. हा हिशोब मुलाच्या मनात एकदा पक्का बसला की नवाचे मोहरे फुकट द्यायला त्याचा हात धजत नाही, आणि ते साहजिकच आहे. म्हणून आजोबा नातवाला वजीर द्यायला शिकवतात ही गोष्ट खऱ्या अर्थाने धाडसाची नाही. ती हिशोबाची आहे. किंमत मोहऱ्यात नसते, ते मोहरे त्या क्षणी काय करू शकते यात असते, हे मुलाला पटावर दाखवता आले की धाडस शिकवावे लागत नाही.

गावाकडे हा खेळ देवळाच्या ओट्यावर, पारावर किंवा घराच्या ओसरीवर रंगत आला. नातवाला तो वडीलधाऱ्यांकडूनच मिळतो, आणि वडीलधाऱ्यांचे नियम बऱ्याचदा स्पर्धेतल्या नियमांपेक्षा वेगळे असतात. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर सरकते. मांडणीत एका बाजूचा राजा दुसऱ्या बाजूच्या वजिरासमोर येतो. आजच्या किल्लेकोटाऐवजी राजाला डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते, आणि बहुतेक ठिकाणी राजाला एकदा शह लागला की ही मुभा संपते. शेवटच्या ओळीत पोहोचलेले प्यादे हवे ते मोहरे होत नाही. ज्या पट्टीत ते पोहोचते त्या पट्टीचे मोहरे ते होते. तपशील गावागणिक बदलतात, पण या चार गोष्टी पुष्कळ ठिकाणी सारख्या आढळतात.

यातल्या दोन नियमांचा वजीर देण्याशी थेट संबंध आहे. प्यादे कोणत्याही पट्टीत वजीर होत नसल्याने गेलेला वजीर परत मिळणे देशी डावात अवघड असते. स्पर्धेच्या डावात वजीर गेला तरी एखादे पुढे गेलेले प्यादे वजीर होण्याची आशा राहते. पारावरच्या डावात ती आशा एक-दोन पट्ट्यांपुरतीच उरते. त्यामुळे गावातल्या जुन्या खेळाडूला वजिराची काळजी अधिक असते, आणि तरीही तो वजीर देतो तेव्हा त्याने शेवटपर्यंत पाहिलेले असते. दुसरा नियम राजाच्या उडीचा. कोपऱ्यात अडकलेला राजा ऐनवेळी उडी मारून निसटू नये म्हणून त्याला आधी एक साधा शह देऊन ठेवणे देशी डावात फार उपयोगाचे ठरते. खाली जो पट मांडला आहे त्यात पहिली खेळी शहाचीच आहे, त्यामुळे ही मात दोन्ही पद्धतींत चालते.

देशी नियमांवर वाढलेला खेळाडू कुठवर जाऊ शकतो याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मीर सुलतान खान. पंजाबातल्या एका खेड्यात तो वडिलांकडून देशी बुद्धिबळ शिकला आणि पुढे इंग्लंडला गेल्यावर १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा त्याने ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. पाश्चात्त्य नियमांची, विशेषतः डावाच्या सुरुवातीची, सवय त्याला मोठेपणी करून घ्यावी लागली. मधला आणि शेवटचा डाव त्याला परका नव्हता, कारण मोहऱ्यांच्या चाली आणि मातीची घडण दोन्हीकडे एकच आहे.

आता गोष्टीचा पट. घरांची नावे सांगण्यासाठी आज सगळीकडे चालणारी पद्धत वापरू. पांढऱ्याच्या बाजूने पाहिले तर डावीकडून उजवीकडे आठ पट्ट्या ए, बी, सी, डी, ई, एफ, जी आणि एच अशा जातात, आणि पांढऱ्याकडून काळ्याकडे ओळी १ ते ८ अशा वाढतात. म्हणजे पांढऱ्याच्या उजव्या हाताचा पलीकडचा कोपरा एच ८. गोष्टीतला नातू पांढऱ्याने खेळतो आहे. त्याचा राजा जी १ वर आहे आणि राजासमोर एफ २, जी २ आणि एच २ या घरांत तीन प्यादी उभी आहेत. वजीर ए ४ वर आणि घोडा जी ५ वर आहे. काळ्याचा राजा जी ८ वर, हत्ती ए ८ च्या कोपऱ्यात आणि वजीर पांढऱ्याच्या मुलखात घुसून बी २ वर बसला आहे. काळ्याची प्यादी ए ७, बी ७, जी ७ आणि एच ७ वर आहेत. एफ पट्टीतले प्यादे आधीच गेले आहे, आणि सगळी गोष्ट त्या रिकाम्या घरातून घडते.

मोहरी मोजली तर काळा पुढे आहे. वजिराला वजीर आहे, पण काळ्याच्या हत्तीसमोर पांढऱ्याकडे घोडाच आहे, शिवाय काळ्याचे एक प्यादे जास्त आहे. वेळही कमी आहे. काळ्याने एच ७ चे प्यादे एक घर पुढे सरकवले की पांढऱ्याचा घोडा धोक्यात येतो आणि काळ्या राजाला निसटायला वाटही मिळते. म्हणून खेळी पांढऱ्याची आहे तोवरच काय ते करायचे.

अनुभवी आजोबा हा पट मांडून लगेच पहिली खेळी सांगत नाहीत. ते शेवटापासून शिकवतात, आणि मुलांसाठी हीच पद्धत सर्वांत चांगली आहे. पट जवळजवळ रिकामा करायचा. काळ्याचा राजा एच ८ च्या कोपऱ्यात, त्याच्या शेजारी जी ८ वर त्याचाच हत्ती, पुढे जी ७ आणि एच ७ वर त्याचीच दोन प्यादी. पांढऱ्याकडे फक्त एक घोडा, एच ६ वर. "घोडा कुठे ठेवलास तर मात?" एवढाच प्रश्न. मूल दोन-तीन घरे चाचपते आणि एफ ७ वर पोहोचते. तिथून घोडा कोपऱ्यातल्या राजाला शह देतो. घोड्याच्या शहात मध्ये काही आणून आडवे ठेवता येत नाही, तो घोडा काळ्याच्या कोणत्याही मोहऱ्याला मारता येत नाही, आणि राजाला जायला घरच नाही, कारण भोवतालची तिन्ही घरे त्याच्याच माणसांनी भरलेली आहेत. एकटा घोडा मात करू शकतो, पण त्यासाठी राजाला त्याच्याच फौजेने कोंडलेले असावे लागते, ही गोष्ट इथे डोळ्यांना दिसते.

मग आजोबा हत्ती उचलून ए ८ वर, त्याच्या मूळ जागी ठेवतात. आता जी ८ रिकामे आहे. घोडा एफ ७ वर गेला तर राजा जी ८ वर सरकतो आणि मात होत नाही. म्हणजे मातीसाठी हत्तीने जी ८ वर येणे गरजेचे आहे, आणि काळा आपणहून आपल्या राजाला कोंडणार नाही. त्याला तिथे आणायचे कसे? गोष्टीचा कळीचा प्रश्न हाच आहे, आणि तो मुलानेच सोडवला पाहिजे. उत्तर असे की जी ८ वर असे काही ठेवायचे जे काळ्याला मारावेच लागेल आणि जे फक्त हत्तीलाच मारता येईल. पांढऱ्याचा वजीर जी ८ वर गेला तर राजाला शह लागतो. राजाला तो वजीर मारता येत नाही, कारण एच ६ वरच्या घोड्याचा जी ८ वर जोर आहे. राजाला हलता येत नाही. उरला हत्ती. तो ए ८ वरून रिकाम्या ओळीतून धावत येतो, वजीर मारतो, आणि त्याच क्षणी आपल्या राजाचे शेवटचे मोकळे घर बुजवतो.

"आबा, पण वजीर गेला की माझ्याकडे उरलं काय?"

"घोडा उरला ना. आणि आता एका खेळीपुरतं घोड्यापलीकडे काही लागतंय का, ते तूच बघ."

इतके कळले की नवाच्या हिशोबाची पकड सैल होते. वजिराची किंमत नऊ आहे हे खरे, पण कोपऱ्यातल्या राजाला या स्थितीत वजिराने स्वतः मात करता येत नाही. हत्तीला जी ८ वर ओढून आणणे एवढेच काम त्याच्याकडून होण्यासारखे आहे, आणि ते काम झाले की मात घोडा करतो.

आता आणखी एक पायरी मागे. घोडा एच ६ वर कसा पोहोचला? मुलाला पहिला पूर्ण पट पुन्हा मांडायला सांगायचा आणि खेळ्या पुढच्या दिशेने खेळायच्या. पहिली खेळी : पांढऱ्याचा वजीर ए ४ वरून सी ४ वर. तिरक्या रेषेत रिकाम्या एफ ७ मधून जी ८ वरच्या राजाला शह लागतो. काळ्याला मध्ये आडवे ठेवायला काही नाही. राजा एफ ८ वर गेला तर वजीर एफ ७ वर जाऊन लगेच मात करतो, कारण त्या घरावर जी ५ च्या घोड्याचा जोर आहे. म्हणून राजा एच ८ वर जातो. दुसरी खेळी : घोडा एफ ७ वर, शह. राजाला जी ८ वर परत यावे लागते. आता वजिराच्या रेषेत घोडा आल्याने ते घर त्याला मोकळे आहे.

तिसरी खेळी या डावातली सर्वांत सुंदर आहे. घोडा एफ ७ वरून एच ६ वर जातो. घोडा स्वतः राजाला शह देतो आणि त्याच्या हलण्याने मागच्या वजिराची रेषाही उघडी होते. एकाच वेळी दोन शह. जी ७ च्या प्याद्याला घोडा मारता येतो, पण तो मारला तरी वजिराचा शह उरतोच, म्हणून दुहेरी शहात राजाला हलण्यावाचून गत्यंतर नसते. एफ ८ वर गेला तर वजीर एफ ७ वर मात करतो. या वेळी तिथे एच ६ च्या घोड्याचा जोर आहे. म्हणून राजा पुन्हा एच ८ वर. चौथी खेळी : वजीर जी ८ वर, शह. हत्ती वजीर मारतो. पाचवी खेळी : घोडा एफ ७ वर, मात.

पाच खेळ्यांत काळ्याला एकदाही स्वतःच्या मनाची खेळी करता आलेली नाही. प्रत्येक वेळी शह होता, आणि प्रत्येक वेळी दोनपेक्षा जास्त उत्तरे नव्हती. मुलाला इथेच थांबवून पुन्हा पुन्हा मोजायला लावावे लागते, कारण वजीर देण्याचा सगळा आधार या सक्तीवर आहे. समोरच्याला एक जरी मोकळी खेळी मिळाली तरी तो वजिराचा फायदा घेऊन बसतो आणि हल्ला करणाऱ्याच्या हाती काही राहत नाही.

पारावर प्रत्यक्ष डावात हा पट समोर आला की शिकणाऱ्याकडून एक चूक हटकून होते. पहिल्या शहानंतर राजा कोपऱ्यात गेल्याबरोबर तो वजीर जी ८ वर नेऊन ठेवतो. त्याला वाटते, हत्ती मारेल आणि जी ५ वरचा घोडा एफ ७ वर जाऊन मात करेल. हत्तीने मारले तर खरोखरच मात होते. पण घोडा अजून जी ५ वर आहे, तिथून त्याचा जी ८ वर जोर नाही, म्हणून राजा स्वतःच वजीर मारतो. वजीर गेला, मात नाही, आणि शिवाय पांढऱ्याकडे एकटा घोडा उरला. तीच खेळी, तेच घर, पण दोन खेळ्या आधी. घोड्याला एफ ७ आणि मग एच ६ असा फेरा करायला लावणे मुलाला वेळखाऊ वाटते. तो फेरा राजाच्या तोंडचा घास काढून घेण्यासाठी आहे, हे एकदा वजीर गमावल्यावर त्याच्या कायमचे लक्षात राहते. म्हणून पुष्कळ आजोबा इथे नातवाला अडवत नाहीत. चूक होऊ देतात, वजीर उचलतात आणि मग पट मागे नेतात. ही पद्धत योग्य आहे, मात्र पट मागे नेलाच पाहिजे. मुलाला वजीर गमावलेला तसाच डाव खेळत बसायला लावले तर त्याच्या मनात वजीर देण्याची भीती उरते, कारण कळत नाही.

दुसरा मोह उलट बाजूचा आहे. तिसऱ्या खेळीनंतर राजा कोपऱ्यात आहे. पांढऱ्याला वजीर द्यायचा धीर झाला नाही तर तो घोडा पुन्हा एफ ७ वर नेतो, राजा जी ८ वर येतो, घोडा एच ६ वर, राजा एच ८ वर. तीच स्थिती परत परत येत राहते आणि डाव बरोबरीत सुटतो. मोहऱ्यांत मागे असलेल्या खेळाडूला बरोबरीही वाईट नाही. सावध मूल इथेच थांबते आणि आपण वाचलो असे समजते. त्याच्यासमोर एका खेळीवर विजय उभा असतो. म्हणून हा पट शिकवताना बरोबरीची वाटही दाखवावी, आणि ती वाट हातची असताना वजीर का द्यायचा हे मुलाला सांगायला लावावे. बरोबरी हातात आहे म्हणूनच त्याला बसून शेवटपर्यंत मोजायला वेळ मिळतो.

हीच मात कुठे होत नाही हेही तितकेच शिकवण्यासारखे आहे, कारण शिकलेली युक्ती मूल प्रत्येक डावात शोधू लागते. काळ्याचा हत्ती एफ ८ वर असेल तर दुसऱ्या खेळीला घोडा एफ ७ वर येताच हत्ती त्याला मारतो. वजिराने लगेच हत्ती मारू नये, कारण मग काळ्याचा वजीर बी १ वर येऊन मात करतो. त्याऐवजी वजिराने सी ८ वर शह द्यावा, आणि हत्ती एफ ८ वर परत आला की त्याला मारून मात करावी. तीही मातच आहे, पण तो वेगळा हिशोब आहे. काळ्याने एच ७ चे प्यादे आधीच पुढे सरकवलेले असेल तर राजाला एच ७ हे घर मोकळे आहे आणि कोंडी होत नाही. तिसरी अडचण सहज नजरेतून सुटते. समजा काळ्याचा वजीर बी २ वर नसून आठव्या ओळीतच, बी ८ वर आहे. मग जी ८ वर आलेल्या पांढऱ्या वजिराला हत्ती मारू शकत नाही, कारण मध्ये त्याचाच वजीर आहे; काळा वजीरच मारतो. राजा तसाच कोंडला जातो, घोडाही एफ ७ वर शह देतो, पण जी ८ वर बसलेल्या वजिराला शेजारचे तिरके घर, म्हणजे एफ ७, मारता येते. घोडा जातो आणि डावही जातो. जी ८ वर येणारे मोहरे कोणते, यावर सगळे अवलंबून आहे. हत्ती तिरका जात नाही म्हणून तो आपल्या राजाला कोंडतो आणि वाचवू शकत नाही. काळ्या घोड्याने जी ८ वर येऊन वजीर मारला तरी मात होते, कारण जी ८ वरच्या घोड्याला एफ ७ वर मारता येत नाही. वजिराने मारले तर मात होत नाही.

या मातीत समोरच्याला पर्याय नाही. ज्या बळीत पर्याय आहे तो नातवाला नंतर दाखवावा, आणि त्यासाठी लेगाल या फ्रेंच खेळाडूच्या नावाने ओळखली जाणारी मात उत्तम आहे. अठराव्या शतकातल्या पॅरिसचा हा नामांकित खेळाडू फिलिडोरचा गुरू होता. हा डाव आजच्या नियमांचा आहे. दोघांची राजासमोरची प्यादी दोन-दोन घरे पुढे येतात. पांढऱ्याचा घोडा एफ ३ वर, काळ्याचे प्यादे डी ६ वर, पांढऱ्याचा उंट सी ४ वर. काळ्याचा उंट जी ४ वर येतो आणि एफ ३ च्या घोड्याला जखडतो, कारण तो घोडा हलला तर मागचा वजीर उंटाच्या तोंडी येतो. पांढऱ्याचा दुसरा घोडा सी ३ वर येतो, आणि काळा जी ६ वर प्यादे ढकलून एक खेळी वाया घालवतो.

आता पांढरा जखडलेला घोडाच उचलतो आणि ई ५ चे प्यादे मारतो. काळ्याने उंटाने वजीर मारला तर पांढऱ्याचा उंट एफ ७ चे प्यादे मारून शह देतो, राजाला ई ७ वर यावे लागते आणि सी ३ चा घोडा डी ५ वर येऊन मात करतो. दोन घोडे आणि एक उंट मिळून राजाची सगळी घरे बंद करतात. पण काळ्यावर वजीर मारण्याची सक्ती नाही. तो डी ६ च्या प्याद्याने ई ५ चा घोडा मारू शकतो. मग पांढरा वजिराने जी ४ चा उंट मारतो. घोड्याच्या बदल्यात उंट मिळाला, वर एक प्यादे फुकट. म्हणजे काळ्याने वजीर नाकारला तरी पांढऱ्याचे नुकसान नाही. देणगी नाकारली गेली तरी देणाऱ्याचा पट बरा राहतो की नाही, ही अशा बळीची कसोटी आहे.

याच मातीची फसवी आवृत्ती मुलांच्या डावात नेहमी दिसते. काळ्याने जी ६ ऐवजी त्याचा घोडा सी ६ वर आणलेला असेल तर पांढऱ्याने ई ५ चे प्यादे मारताच तो घोडाच ई ५ वर येऊन पांढरा घोडा मारतो. तिथून तो जी ४ च्या उंटाला जोरही देतो आणि सी ४ च्या पांढऱ्या उंटावर हल्लाही करतो. पांढऱ्याचा एक घोडा एका प्याद्याच्या बदल्यात गेला. समोरच्याने हाव धरून वजीर मारला तर मात होतेच, त्यामुळे हा सापळा पारावर वरचेवर यशस्वी होतो आणि मूल तो बरोबर आहे असे धरून चालते. ही सवय लवकर मोडावी. समोरचा चुकेल यावर उभा असलेला बळी सराईत खेळाडूसमोर पहिल्याच डावात उघडा पडतो.

म्हणून घोड्याच्या कोंडीची मात आधी आणि लेगालची नंतर, हा क्रम ठेवावा. पहिलीत मूल सक्ती मोजायला शिकते. दुसरीत समोरच्याच्या प्रत्येक उत्तराचा वेगळा हिशोब ठेवायला शिकते. दोन्हींत प्रश्न तेच असतात : घेतला तर काय, नाही घेतला तर काय, आणि त्याला मध्येच माझ्या राजाला शह देता येतो का. हा तिसरा प्रश्न मुले विसरतात. पहिल्या पटात काळ्याचा वजीर बी २ वर पांढऱ्या राजाच्या ओळीजवळ बसलेला आहे, पण सलग शहांमुळे त्याला एकही खेळी मिळत नाही. मध्ये एक शांत खेळी आली असती तर तोच वजीर धोक्याचा ठरला असता.

वजिराला आजची ताकद युरोपात, पंधराव्या शतकाच्या अखेरीस मिळाली. त्याआधी अरबी-फारसी खेळात तो तिरके एकच घर जात असे, आणि पटावर सर्वांत बलवान मोहरे हत्तीच होते. त्यामुळे त्या काळातली सर्वांत प्रसिद्ध बळीची कथा दोन हत्तींची आहे. कथेत डावात सगळे हरलेला खेळाडू शेवटी आपली पत्नी दिलाराम पणाला लावतो, आणि डाव हरायला आलेला असताना ती पडद्याआडून त्याला दोन्ही हत्ती देऊन आपल्याला वाचवायला सांगते. त्या पटात दोन्ही हत्ती जातात आणि शेवटची मात घोडाच करतो. वजीर बलवान झाल्यावर त्याने जी ८ वर जाऊन हत्तीला ओढून आणायची मात फार लवकर नोंदली गेली. स्पेनमधल्या सालामांकात १४९७ साली छापलेल्या लुसेनाच्या पुस्तकात ती आहे. पाश्चात्त्य खेळाडू ती फिलिडोरच्या नावाने ओळखतात, पण फिलिडोरचे पुस्तक १७४९ सालचे, म्हणजे अडीचशे वर्षांनंतरचे.

पटावरची एखादी अवघड स्थिती मांडून ती सोडवायला देणे ही शिकवण्याची रीत आपल्याकडेही छापील रूपात जुनी आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत विलासमणिमंजरीचे इंग्रजी भाषांतर मुंबईत १८१४ साली निघाले, आणि त्यात प्रामुख्याने अशाच स्थिती होत्या.

नातवाला ही मात शिकवायची असेल तर पूर्ण पट मांडू नये. पांढऱ्याच्या सहा आणि काळ्याच्या सात अशा तेराच सोंगट्या वर सांगितलेल्या घरांत ठेवाव्यात, आधी शेवटची स्थिती दाखवावी, आणि मूल न विचारता पाचही खेळ्या खेळले की काळ्याचा हत्ती एफ ८ वर नेऊन तोच पट पुन्हा त्याच्यासमोर ठेवावा. तिथे घोडा एफ ७ वर नेल्यावर काय होते हे त्याने हात न लावता सांगितले की धडा पूर्ण झाला.